घाटी: घाट उतरल्यावर ऐकू येणारा शब्द

१.
कोल्हापुरात ‘घाटी’ ही शिवी नाही. सह्याद्रीच्या वरच्या अंगाला सगळेच घाटावरचे, तेव्हा कोणी कोणाला घाटी म्हणायचे? आंबा, अणुस्कुरा, फोंडा, आंबोली यांपैकी एखादा घाट उतरून माणूस कोकणात किंवा गोव्यात गेला, अथवा खंडाळ्याचा घाट उतरून मुंबईत पोहोचला, की हा शब्द त्याला प्रथम भेटतो. हा शब्द मुळात निव्वळ वर्णन होता. त्याचा अपमान कसा झाला, नव्याने आलेल्याला तो अपमान कसा ऐकू येऊ लागला, आणि असे तयार झालेले कान घेऊन माणसे कोल्हापुरात परतली तेव्हा काय घडले, याचा हा धागा.

२.
शब्दाचा मूळ अर्थ साधा आहे. घाटाशी संबंधित ते घाटी. कोकणातला माणूस आजही ‘घाटावर गेलो होतो’ असे सहज म्हणतो, तेव्हा त्याला केवळ दिशा सांगायची असते. घाटी मसाला मुंबईच्या दुकानांत आवडीने विकला जातो. घाटी लेझीम हा लेझमीचा एक प्रकार आहे. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय रुग्णालय तर सबंध मराठवाड्यात ‘घाटी’ याच नावाने ओळखले जाते आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. म्हणजे दोष अक्षरांत नाही. तो शब्द कोणत्या शहरात, कोणाच्या तोंडून, कोणासाठी निघतो, यावर सारे ठरते.

३.
मुंबईने हा शब्द वेगळ्या कामाला लावला, त्याला कारण तिची वाढ. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईत पहिली कापड गिरणी उभारायला घेतली. १८६३ साली त्याच घाटातून रेल्वे धावू लागली आणि १८९१ साली कोल्हापूरही मिरजेमार्गे रेल्वेने जोडले गेले. पूर्वी जो प्रवास दिवसांचा होता, तो एका रात्रीवर आला. सातारा, पुणे, नगर, सांगली, कोल्हापूर या मुलखातली माणसे घाटातून उतरू लागली. रत्नागिरीकडची माणसे बोटीने येऊन धक्क्यावर उतरत. एकाच शहरात दोन वाटांनी दोन मराठी समाज शिरत होते.

४.
विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई हे जवळजवळ संपूर्णपणे बाहेरून आलेल्यांचे शहर होते. १९११ आणि १९२१ या दोन्ही जनगणनांत दर पाच मुंबईकरांपैकी किमान चार जण शहराबाहेर जन्मलेले होते. एवढ्या अनोळखी गर्दीत माणूस ओळखायचा कसा? काम देणाऱ्याने त्याचे सोपे उत्तर शोधले: तो कुठून आला यावरून. गिरणीत मुकादम आपल्या गावची, आपल्या तालुक्याची माणसे भरत असे. गोदीत तोलीवाला आपली टोळी घेऊन येई. बदली कामगार पहाटे गिरणीच्या फाटकाशी उभा राही, तेव्हा त्याच्या नावापेक्षा तो ‘घाटी’ की ‘कोकणी’ हा प्रश्न अधिक उपयोगी असे. शब्दाचा पहिला शहरी वापर हा असा, मजुरांची वर्गवारी करण्याचा होता.

५.
या वर्गवारीला लवकरच कामाचा वास चिकटला. गोदीतले ओझे, बाजारातली हमाली, हातगाडी ओढणे ही कामे मोठ्या प्रमाणावर घाटावरच्या माणसांकडे होती. त्यामुळे ‘घाटी बोलाव’ याचा अर्थ ‘हमाल बोलाव’ असा होऊ लागला. प्रदेशाचे नाव धंद्याचे नाव बनले. धंद्याला समाजात जी किंमत होती, ती नावालाही मिळाली. यात घाटावरचे एकटे नव्हते. कोकणातून आलेल्या, घरगडी म्हणून राबणाऱ्या कुणब्यांना मुंबईत ‘बाल्या’ म्हणत. हे नाव त्यांच्या कानातल्या बाळीवरून पडल्याचे सांगतात. त्यांच्या जाखडीला ‘बाल्या नाच’ हे नाव चिकटले ते आजतागायत. एकाच चाळीत घाटी बाल्याला हसत होता आणि बाल्या घाट्याला.

६.
आता हा शब्द ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहू. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड, शाहूवाडी या तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या तरुण मुंबईच्या गिरणगावात गेले. अशा तरुणाचा पहिला मुक्काम गावकीच्या खोलीत पडे. लालबाग, परळ, डिलाईल रोड या भागांत गावागावांच्या अशा खोल्या होत्या. खोली एकच, बिऱ्हाडे डझनभर ट्रंकांची. पाळीप्रमाणे एक जण उठला की त्याच्या जागी दुसरा निजे. जेवण खानावळीत. ही खोली घर तर होतीच, शिवाय ती एक शाळाही होती. शहरात कसे बोलायचे आणि शहर आपल्याला काय म्हणते, हे दोन्ही धडे तिथे गावच्याच वडीलधाऱ्यांकडून मिळत.

७.
पहिल्या दिवशी त्या तरुणाला ‘घाटी’ म्हटलेले खुपत नाही. तो घाटावरचा असतोच. कोणी आपल्याला कोल्हापूरकर म्हणावे तसे त्याला वाटते. त्याला पहिला ठसका लागतो तो शब्दाच्या शेपटाला. ‘ए घाट्या!’ मराठीत नावाच्या शेवटी ‘या’ लागला की माणूस लहान होतो. रामचा राम्या होतो, कोकणीचा कोकण्या, मारवाडीचा मारवाड्या. घरात आई मुलाला अशी हाक मारते तेव्हा ती माया असते, कारण तिला तसा हक्क असतो. हा हक्क नसलेल्या माणसाने तीच हाक मारली की तिचा अर्थ उलटतो. व्याकरण न शिकलेल्या माणसालाही हा फरक तत्क्षणी कळतो, कारण तो फरक त्याच्या स्वतःच्या भाषेतला आहे.

८.
दुसरा धडा बोलीचा. खोलीतला एखादा मामा किंवा तात्या नव्या पोराला बजावत असे, ‘हितं लई-बिई म्हणू नगंस, हसत्यात.’ ‘लई’, ‘हाय’, ‘न्हवं’, ‘काय करायलाईस’ हे कोल्हापूरकडचे रोजचे शब्द. ‘ण’च्या जागी येणारा ‘न’, पाणीऐवजी ‘पानी’. गावी यांत कोणाला काही विशेष दिसत नाही. शहरात मात्र ते वक्त्याच्या आधी वक्त्याची ओळख करून देतात. कोल्हापूरच्या मुलींच्या वाट्याला तर आणखी एक गोष्ट येते. तिकडे अनेक घरांत बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच बोलतात. हे त्या बोलीचे स्वतःचे व्याकरण आहे. पुण्या-मुंबईच्या वर्गात हेच वाक्य उच्चारले की हशा पिकतो, आणि ती मुलगी पुढच्या वाक्यापूर्वी क्षणभर थांबून क्रियापद तपासू लागते. अपमान ऐकायला शिकणे म्हणजे बरेचदा हा क्षणभराचा थांबा.

९.
तिसरा धडा सर्वांत उशिरा कळतो आणि तोच निर्णायक असतो. हळूहळू लक्षात येते की हा शब्द माणसांपुरता राहिलेला नाही. शर्टाचा रंग घाटी असतो, केसांना तेल लावणे घाटी असते, मोठ्याने हसणे घाटी असते, इंग्रजी उच्चार घाटी असतो. आणि तो घाटाखालच्यांनाही लागतो. इंग्रजी शाळांत शिकलेल्या मुंबईकरांच्या बोलण्यात रत्नागिरीचा माणूसही ‘घाटी’, नागपूरचाही ‘घाटी’, गिरगावात जन्मलेला गरीब मराठी मुलगाही ‘घाटी’. रत्नागिरी तर घाटाच्या खाली आहे! भूगोलाच्या दृष्टीने हा वापर साफ चुकीचा आहे. पण बोलणाऱ्याला भूगोल सांगायचाच नसतो. मराठी बोलणारा, कष्टकरी, शहरी रीत नसलेला, एवढेच त्याला म्हणायचे असते.

१०.
इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एक साधी कसोटी मिळते. प्रदेशवाचक शब्द अपमान झाला की नाही हे पाहायचे असेल, तर तो त्या प्रदेशाबाहेरच्या माणसाला लावला जातो का ते पाहावे. १९३०च्या दशकात अमेरिकेत दुष्काळ आणि मंदीने उठवलेली शेतकरी कुटुंबे कॅलिफोर्नियात आली. त्यांना ‘ओकी’ म्हणत, म्हणजे ओक्लाहोमाचे. पण टेक्सास आणि आर्कान्सामधून आलेलेही ओकीच ठरले. पेरू देशात अँडीज पर्वतातून उतरून समुद्रकाठच्या लिमा शहरात आलेल्यांना ‘सेरानो’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ डोंगराळ भागातला, जवळजवळ ‘घाटी’च. डोंगरावरून बंदराच्या शहरात उतरलेल्या मजुराला दोन खंडांत, एकमेकांशी काहीही संबंध नसताना, सारखेच नाव मिळाले आणि दोन्ही नावांचा सारखाच अपमान झाला.

११.
हा शब्द कळल्यावर माणसे काय करीत? काही जण बोली झाकायला शिकले. गिरणीत आणि बसमध्ये एक मराठी, खोलीवर दुसरी. पुढच्या पिढीने ती झाकलेली बोली शिकलीच नाही. मुंबईत जन्मलेल्या नातवाच्या तोंडी ‘काय घाटीपणा करतोस’ हे वाक्य सहज येऊ लागले, आणि ज्याच्यामुळे तो मुंबईकर झाला, तो आजोबा कोपऱ्यात बसून ते ऐकत असे. या शब्दाचे हे सर्वांत शांत यश आहे. तो वापरता येणे हाच आपण आता नवे राहिलो नाही याचा पुरावा ठरतो, आणि म्हणून तो सर्वाधिक जोराने त्यांच्याकडूनच वापरला जातो, ज्यांना तो काल-परवापर्यंत लागत होता.

१२.
काहींनी मात्र वेगळा मार्ग धरला. वाळवे तालुक्यातल्या वाटेगावाहून अण्णा भाऊ साठे कुटुंबासह पायी चालत मुंबईला आले, मिळेल ती मजुरी केली आणि पुढे घाटावरच्या माणसांची बोली त्यांनी थेट छापील मराठीत आणली. साताऱ्याकडून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारांत ओझी वाहणाऱ्यांची संघटना बांधली. त्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. डोक्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. या कायद्याने मंडळे नेमली, कामगार आणि मालक दोघांचीही नोंदणी सक्तीची केली, मजुरी मंडळामार्फत देण्याची व्यवस्था केली, भविष्यनिर्वाह निधीची तरतूद केली. ज्याला ‘ए घाटी’ म्हणून हाक मारून चार आणे टेकवले जात, त्याला कायद्याच्या पुस्तकात स्वतःचे नाव मिळाले.

१३.
या यशाला एक मर्यादा होती. ज्यांची संघटना झाली त्यांची किंमत वाढली. पण आलेल्या माणसाला त्याच्या मुलखावरून हिणवण्याची सवय शहराने सोडली नाही, तिने फक्त माणसे बदलली. १९६०च्या दशकात मुंबईत दक्षिणेकडून आलेल्या कारकुनांविरुद्ध वातावरण तापले. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली आणि ‘हटाव लुंगी, बजाव पुंगी’ ही घोषणा गाजली. त्या काळी उडुपीचा कानडी खानावळवाला, केरळचा टंकलेखक, तमिळ हिशेबनीस, सगळे ‘मद्रासी’ झाले; त्यांच्या वेगवेगळ्या भाषांची नक्कल ‘यंडुगुंडू’ या एकाच शब्दात झाली. वर सांगितलेली कसोटी इथेही तंतोतंत लागू पडते. आणि घोषणा देणाऱ्या गर्दीत घाटावरची आणि कोकणातली, दोन्हीकडची मुले खांद्याला खांदा लावून होती. एकमेकांना घाट्या आणि कोकण्या म्हणणाऱ्यांना आता हिणवायला तिसरा मिळाला होता.

१४.
१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या. आजरा-चंदगडचे कित्येक कामगार ट्रंका उचलून गावी परतले. गावात ते ‘मुंबैवाले’ ठरले. बोलण्यात मधूनच मुंबईची मराठी येई आणि त्यावर गावकरी हसत. ज्या बोलीला मुंबईत हसू येत होते ती त्यांनी मुंबईत झाकली होती; आता झाकण्यासाठी शिकलेल्या बोलीला गावात हसू येत होते. या माणसांना दोन्ही बाजूंचे हसू ओळखीचे होते. अपमान ऐकू येणारे कान जिल्ह्यात कोणाकडे असतील, तर ते यांच्याकडे.

१५.
कोल्हापूरही तोवर लोकांना बोलावणारे शहर झाले होते. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पुढे कागलच्या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्रींना ओतकामासाठी माणसे हवी होती. इचलकरंजीच्या यंत्रमागांनाही हवी होती. भट्टीजवळच्या उष्णतेत, वाळूच्या धुळीत करायच्या या कामांवर उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातून तरुण येऊ लागले. या सर्वांना इथे एकच नाव मिळाले: ‘भय्या’. ओडिशाच्या तरुणाची मातृभाषा ओडिया. त्याच्या घरी कोणी कोणाला भय्या म्हणत नाही. तरी तो भय्याच. कसोटी कोल्हापुरातही तेच सांगते. हजेरीपटावर त्याचे नाव लिहिलेले असते, तरी शॉपवर ‘ए भय्या’ म्हटले की चार माणसे एकदम मान वळवतात. मुकादमाला चौघांपैकी कोणीही चालणार असतो.

१६.
कोल्हापूर स्वतःचे वर्णन एका शब्दात अभिमानाने करते: रांगडा. रांगडी भाषा, रांगडा माणूस, रांगडे प्रेम. या शब्दाचा पूर्वेतिहास मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. मराठे माळव्यात आणि राजपुतान्यात उतरले त्या काळच्या मराठीत ‘रांगडे’ हे तिकडच्या माणसांसाठी, विशेषतः राजपुतांसाठी वापरलेले नाव होते, आणि त्यात अडाणी, उद्धट असा भाव होता. माळवीच्या एका बोलीला ‘रांगडी’ हे नाव आहे ते याच शब्दाशी जोडलेले. म्हणजे परमुलखातल्या माणसाला हिणवण्यासाठी मराठीने वापरलेला शब्द दोन-अडीचशे वर्षांत मराठी माणसाच्याच अंगावर आला, आणि कोल्हापूरने तो फेटा बांधावा तसा डोक्याला बांधला. शब्द कायमचे अपमान राहत नाहीत, हा यातला दिलासा. पण शब्द सुधारला म्हणून ज्यांना तो पूर्वी लागला त्यांचे काही परत मिळत नाही.

१७.
मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात कोल्हापूर स्थानकातून श्रमिक विशेष रेल्वेगाड्या सुटल्या. वर्षानुवर्षे एका नावाने ओळखली गेलेली माणसे त्या वेळी जिल्हा, तालुका, गाव अशा नोंदी करून वेगवेगळ्या राज्यांच्या गाड्यांत बसली. यादी करणाऱ्याला प्रत्येकाला त्याचे गाव विचारावे लागले. इतक्या वर्षांत हा प्रश्न कित्येकांना कोल्हापुरात बहुधा पहिल्यांदाच विचारला गेला असेल. पुढे कारखाने सुरू झाले, पुष्कळ जण परत आले, आणि पुन्हा भय्या झाले.

१८.
‘भय्या’चा अर्थ भाऊ. कोल्हापूरची सर्वांत ओळखीची हाकही तीच आहे: ‘भावा’. चहाच्या गाड्यावर, तालमीत, रंकाळ्याच्या कठड्यावर ती सतत कानी पडते. दोन्ही शब्द एकाच नात्याचे; एक आपल्यांसाठी राखून ठेवलेला, दुसरा बाहेरून आलेल्यांसाठी. फौंड्रीत पहिल्या दिवशी आलेल्या तरुणाला हा फरक कळत नाही. आपल्याला कोणी भाऊच म्हणत आहे असे त्याला वाटते. महिन्याभरात त्याच्या लक्षात येते की शेजारच्या मशीनवरच्या कोल्हापूरच्या पोराला ‘भावा’ म्हणतात आणि आपल्याला ‘भय्या’. डिलाईल रोडच्या खोलीत आजऱ्याच्या पोराला ‘घाट्या’ ऐकू आले होते, ते असेच. त्या खोलीत राहिलेले काही जण आजही या जिल्ह्यात हयात आहेत. त्या तरुणाला काय ऐकू येते, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.